न फुगणारं फुप्फुस आणि गगनबावड्याची वाट: छातीत पुन्हा पुन्हा भरणाऱ्या पाण्याचं एक प्रकरण

मावशी ६१ वर्षांच्या. गगनबावडा तालुक्यातल्या एका वाडीत राहतात, अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झालेल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) उजव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि शेक होऊन सहा वर्षं झाली होती. मेच्या शेवटच्या आठवड्यात धाप लागते म्हणून आल्या, तेव्हा एक्स-रेमध्ये उजवी छाती अर्ध्याहून जास्त पांढरी होती. सुईनं ११०० मिली पाणी काढलं. पाण्यात कॅन्सरच्या पेशी मिळाल्या आणि पुढच्या तपासणीत त्या स्तनाच्याच, हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या निघाल्या. पाणी काढल्यावर मावशी त्याच दुपारी एसटीनं घरी गेल्या.

अकरा दिवसांनी परत आल्या, तशीच धाप. १३०० मिली निघाल्यावर खोकल्याची उबळ आली आणि छाती आवळल्यासारखी वाटू लागली, म्हणून थांबलो. त्यानंतर नऊ दिवसांत पाणी तिसऱ्यांदा भरलं. आता नुसतं सुईनं काढत राहण्यात अर्थ नव्हता. दर आठ-दहा दिवसांनी कोल्हापूरपर्यंत ५५ किलोमीटर यायचं, आणि पाऊस तोंडावर आलेला. कुंभीला पूर आला की तो रस्ताच बंद होतो.

अशा वेळी दोन मार्ग असतात. पहिला प्लुरोडेसिस: छातीतलं सगळं पाणी काढून फुप्फुसावरच्या आणि बरगड्यांच्या आतल्या, अशा दोन्ही आवरणांना औषधानं सूज आणायची, म्हणजे ती एकमेकांना चिकटतात आणि पाणी साठायला जागाच राहत नाही. औषध म्हणून जगभर टाल्कची पूड वापरतात. आपल्याकडे पोव्हिडोन आयोडीनही पुष्कळ वापरलं जातं, कारण ते स्वस्त आहे आणि कुठंही मिळतं. दुसरा मार्ग आयपीसी: सिलिकॉनची मऊ नळी कातडीखालच्या बोगद्यातून छातीत कायमची ठेवायची आणि घरीच दिवसाआड पाणी काढायचं. नळीच्या बाहेरच्या टोकाला झडप असते, ती जोडणी लावल्याशिवाय उघडत नाही.

माझ्या मनात आधी प्लुरोडेसिस होतं. दुसऱ्या वेळी पाणी काढल्यानंतरच्या एक्स-रेवर मी केसपेपरात लिहिलं होतं, 'फुप्फुस फुगतंय.' राउंडला आमच्या निवासी डॉक्टर मुलीनं तो एक्स-रे लाइट-बॉक्सवर लावला आणि म्हणाली, "सर, खाली अजून पाणी आहे. खालचा लोब आपण पाहिलेलाच नाही." तिचं बरोबर होतं. वरचं फुप्फुस मोकळं झालेलं मी पाहिलं होतं आणि बाकीचं गृहीत धरलं होतं. ही चूक मी पहिल्यांदा केलेली नाही आणि असं करणारा मी एकटाही नसेन.

प्लुरोडेसिसचं सगळं गणित एकाच गोष्टीवर उभं असतं: दोन्ही आवरणं एकमेकांना टेकली पाहिजेत. फुप्फुसावर कॅन्सरचं जाड साल बसलं असेल तर पाणी काढलं तरी ते फुगत नाही, आणि मग औषध मोकळ्या पोकळीत जाऊन पडतं. रुग्णाला ताप येतो, छाती दुखते, चार-पाच दिवस दवाखान्यात जातात आणि दोन आठवड्यांत पाणी पुन्हा भरतं. अर्धवट पाणी काढून घेतलेल्या एक्स-रेवर हे ठरवता येत नाही. जेवढं निघेल तेवढं सगळं पाणी काढायचं आणि मगच फोटो घ्यायचा.

म्हणून सोनोग्राफीखाली पिगटेल, म्हणजे टोकाला वळलेली बारीक, १२ फ्रेंच मापाची नळी घातली आणि ३६ तासांत, मध्ये मध्ये बंद ठेवत, १९०० मिली पाणी काढलं. एकदम काढलं नाही, कारण बराच काळ दबलेलं फुप्फुस झटक्यात उघडलं तर त्यातच पाणी झिरपू शकतं. एका बैठकीत दीड लिटरपर्यंतच काढायचं आणि खोकला किंवा छातीत ओढ सुरू झाली की लगेच बंद करायचं, हा आमचा नेम. शेवटचे दोन-तीनशे मिली निघताना मावशींना छातीत पुढून आतून ओढल्यासारखं दुखू लागलं. ही पहिली खूण.

दुसरी खूण एक्स-रेवर दिसली. उजवीकडे खालच्या बाजूला पाणी नव्हतं आणि फुप्फुसही नव्हतं, तिथं चंद्रकोरीसारखी हवा होती. ही हवा पाहून पुष्कळदा धावपळ उडते. सुईनं फुप्फुस टोचलं गेलं असं वाटतं आणि कोणीतरी जाड नळी घालायला निघतं. आम्ही नळी पाण्याच्या बाटलीला जोडून मावशींना खोकायला लावलं. एकही बुडबुडा आला नाही. म्हणजे फुप्फुसातून हवा गळत नव्हती. आत ओढ इतकी वाढली होती की रिकाम्या जागेत हवा शिरली होती. बाटलीला हलकं सक्शन लावून पाहिलं तर दुखणं वाढलं आणि फुप्फुसाची कडा तसूभरही सरकली नाही. सीटीत खालच्या लोबवर जाड आवरण दिसलं आणि साधारण एक तृतीयांश फुप्फुस बरगड्यांपासून सुटलेलं होतं. चौथाईपेक्षा जास्त भाग असा सुटा असेल तर मी प्लुरोडेसिसच्या वाटेला जात नाही.

तिसरी गोष्ट मात्र आशेची होती आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचीही तीच. पाणी काढायच्या आधी मावशी वॉर्डच्या व्हरांड्यात चाळीस पावलं चालल्यावर थांबत होत्या. पाणी काढल्यानंतर, फुप्फुस पुरतं फुगलेलं नसतानाही, त्या व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आल्या. कसं काय? पाण्याच्या वजनानं श्वासपटल खाली दबतं, कधी कधी ताटलीसारखं उलटंही होतं. ते दबलेलं असताना श्वास घ्यायला स्नायूंना विनाकारण झटावं लागतं. पाणी कमी झालं की श्वासपटल पुन्हा घुमटासारखं होतं, आणि धाप मुख्यतः त्यानंच कमी होते. म्हणून फुप्फुस फुगत नाही एवढ्यावरून पाणी काढण्यात अर्थ नाही असं ठरत नाही. उलट, पाणी काढूनही धाप तशीच राहिली असती तर मी नळी घातलीच नसती. मग फुप्फुसात पसरलेला कॅन्सर, रक्ताची गुठळी, कमी झालेलं हिमोग्लोबिन, हृदय, यांतलं काहीतरी शोधावं लागलं असतं. हा प्रश्न आधी विचारायचा आणि नळी की औषध हा नंतर. प्रत्यक्षात बऱ्याचदा तो विचारलाच जात नाही.

फुप्फुस फुगलं असतं तर काय केलं असतं, हेही सांगायला हवं, कारण तेव्हा निवड खरोखर अवघड असते. पिगटेलमधून आधी भूल देणारं लिग्नोकेन, मग टाल्कचं मिश्रण किंवा पोव्हिडोन आयोडीन घालून नळी तासभर बंद ठेवली असती. रुग्णाला या कुशीवरून त्या कुशीवर लोळवायची जुनी पद्धत आहे, पण त्यानं काही फरक पडत नाही. नंतर नळी उघडून, रोजचं पाणी दीडशे मिलीच्या आसपास आलं की ती काढून टाकली असती. ज्यांना हे जमतं त्यांची कटकट एकदाच संपते. शरीरावर नळी नाही, बाटल्या नाहीत, घरच्यांना काही शिकायची गरज नाही. टाल्क दुर्बिणीतून फवारला की चांगला चिकटतो अशी अनेक वर्षं समजूत होती. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या टॅप्स चाचणीत ३३० रुग्णांना एकतर दुर्बिणीतून फवारून किंवा नळीतून मिश्रण करून टाल्क दिला. ९० दिवसांत फवाऱ्याच्या गटात २२ टक्के आणि मिश्रणाच्या गटात २४ टक्के अपयशी ठरले, म्हणजे व्यवहारात फरक नाहीच. दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर चारातल्या एकाला तीन महिन्यांत पुन्हा काहीतरी करावं लागतं.

आणि नळी? फुगणाऱ्या फुप्फुसात दोन्हींची तुलना झालेली आहे. २०१२ च्या टाइम-२ चाचणीत धाप दोन्ही गटांत सारखीच कमी झाली. नळीवाल्यांना सुरुवातीला दवाखान्यात जवळजवळ राहावंच लागलं नाही आणि पुढं छातीत पुन्हा टोचायची वेळही कमी आली. टाल्कच्या गटात २२ टक्क्यांना ती आली, नळीच्या गटात ६ टक्क्यांना. मात्र नळीवाल्यांना कसला ना कसला त्रास झाला त्यांचं प्रमाण ४० टक्के होतं आणि टाल्कवाल्यांचं १३ टक्के. पुढे २०१७ च्या अ‍ॅम्पल चाचणीत उरलेल्या आयुष्यातले, किंवा वर्षभरातले, दवाखान्यात गेलेले दिवस मोजले: नळीचा मध्यांक १० दिवस, टाल्कचा १२. दोन दिवसांचा हा फरक ऐकून काही रुग्ण हसतात आणि काहींसाठी तेवढ्यावरच निर्णय होतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. म्हणूनच फुगणाऱ्या फुप्फुसात मी माझं मत पुढं रेटत नाही. न फुगणाऱ्या फुप्फुसात मात्र रेटतो.

मावशी किती दिवस सोबत आहेत, हा प्रश्नही होताच. त्यासाठी लेंट नावाचा गुणांक आहे: पाण्यातलं एलडीएच नावाचं एन्झाइम, रुग्णाची हालचाल, रक्तातल्या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं गुणोत्तर आणि कॅन्सर मूळचा कुठला. मावशींचे तीन गुण झाले, म्हणजे मधला गट. ज्या रुग्णांवरून हा गुणांक बनवला त्यांत या गटाचा मध्यांक १३० दिवसांचा होता. हा आकडा मी मावशींना सांगितला नाही आणि त्यांच्या मुलालाही जसाच्या तसा सांगितला नाही, कारण त्यांना पाल्बोसिक्लिब सुरू होणार होतं आणि हार्मोनला दाद देणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये अशा औषधांनी वर्षंही मिळतात. पण एवढं नक्की होतं की वेळ महिन्यांत मोजायचा आहे, आठवड्यांत नाही. आठवड्यांचाच प्रश्न असता तर मी सुईनं एक-दोनदा पाणी काढून दिलं असतं आणि नळीच्या खर्चात त्यांना पाडलं नसतं. औषधानं पाणी आपोआप आटेपर्यंत थांबू, असा सूर एका सहकाऱ्यानं लावला. आटूही शकतं. पण औषध लागू पडायला आठवडे जातात आणि तेवढ्यात धापेचे आठवडे ज्याचे त्यालाच काढावे लागतात.

मग बसून बोलणं झालं. मुलगा, सून आणि मावशी. नळीचं चित्र पाहून मावशींनी पहिला प्रश्न विचारला, "डॉक्टर, ही काय मेल्यावरच काढायची का?" मी सांगितलं, "काही जणांची छाती नळीनं आपोआप चिकटते आणि पाणी बंद होतं, मग आम्ही ती काढून टाकतो. तुमचं फुप्फुस फुगत नाही, त्यामुळं तुमची निघण्याची शक्यता कमी आहे. ती राहील असंच धरून चाला." त्यांनी मान हलवली आणि सुनेकडं पाहिलं. नळी सुनेलाच हाताळायची होती, तेव्हा खरं तर मला सुनेचं उत्तर हवं होतं. ती म्हणाली, "दाखवा, मग सांगते."

निर्णयात ही गोष्ट फुप्फुसाइतकीच मोठी असते. परदेशातल्या त्या चाचण्यांत घरी येणाऱ्या परिचारिकांची सोय असते. आपल्याकडे ती सोय म्हणजे सून, मुलगी, कधी शेजारची आशाताई. घरात हात धुवायला स्वच्छ पाणी, पाटीवर सामान मांडायला कोरडी जागा, आणि रोज त्याच दोन हातांनी ते काम करणारं माणूस, एवढं नसेल तर नळी चांगल्या फुप्फुसातही महागात पडते. सुनेनं मॉडेलवर दोनदा आणि मावशींच्या पिगटेलवर एकदा बॅग जोडून दाखवली. हात धुताना ती मनातल्या मनात आकडे मोजत होती. मला तेवढं पुरलं.

नळी घातली. कुशीवर झोपवून सोनोग्राफीनं पाण्याचा सगळ्यात खोल खिसा निवडला. ऑपरेशनचा व्रण आणि शेक घेतलेली कातडी टाळली, कारण तिथली जखम भरायला वेळ घेते. बाहेरचं तोंड मुद्दाम पुढं आणलं. मावशी उजव्या कुशीवर झोपतात आणि ब्लाउजची कड जिथं येते तिथं तोंड आलं असतं तर ते दिवसभर घासत राहिलं असतं. लिग्नोकेन देऊन दोन बारीक छेद, मधे पाचेक सेंटीमीटरचा बोगदा. नळीवर एक खरबरीत पट्टा असतो. तो बोगद्यात, बाहेरच्या तोंडापासून सेंटीमीटरभर आत बसवला. महिनाभरात कातडी त्याला धरून ठेवते, मग टाक्यांवर भिस्त राहत नाही. संध्याकाळी मावशी घरी गेल्या.

पाणी किती वेळा काढायचं, यावर आमच्यात थोडा वाद झाला. रोज काढलं तर फुप्फुस चिकटण्याची शक्यता वाढते, हे २०१८ च्या अ‍ॅम्पल-२ चाचणीत दिसलं: ६० दिवसांत रोज काढणाऱ्यांपैकी ३७ टक्क्यांचं चिकटलं, धापेप्रमाणे काढणाऱ्यांपैकी ११ टक्क्यांचं. पण धाप दोन्ही गटांत सारखीच राहिली. चिकटायची शक्यताच कमी असताना मावशींना रोजची ओढ आणि दुखणं कशाला? म्हणून आठवड्यातून तीनदा किंवा धाप लागेल तेव्हा, एका वेळी हजार मिलीपेक्षा जास्त नाही आणि दुखलं की थांबायचं, असं ठरलं. नळीतून टाल्क घालायचाही एक उपाय आहे, पण तो फुगणाऱ्या फुप्फुसासाठी.

खर्चात नळीपेक्षा बाटल्या जास्त बोचतात. आतली हवा काढून घेतलेल्या, पाणी जोरानं ओढणाऱ्या कंपनीच्या बाटल्या दर वेळी नव्या लागतात आणि हा खर्च कधी संपत नाही. झडप उघडणारी जोडणी वापरून साधी निचऱ्याची पिशवी जमिनीवर ठेवली की गुरुत्वाकर्षणानं पाणी हळूहळू उतरतं. पिशवी दर वेळी नवी. अर्धा तास जास्त लागतो, पण न फुगणाऱ्या फुप्फुसात ही हळुवार ओढच बरी, कारण बाटलीच्या जोरानं छाती दुखते. मावशींनी सुरुवातीच्या चार बाटल्या संपल्यावर पिशव्याच वापरल्या.

तेविसाव्या दिवशी सुनेनं फोटो पाठवला. तोंडाभोवती दोन सेंटीमीटर लाल, दाबलं की दुखतं. मी विचारलं, ताप? नाही. पाण्याचा रंग? नेहमीचा पिवळसर, गढूळ नाही. म्हणजे जंतू कातडीवरच थांबलेले होते. तोंडानं घ्यायचं अँटिबायोटिक दहा दिवस दिलं आणि नळी तशीच ठेवली. पाणी गढूळ झालं असतं किंवा ताप असता तर दाखल करून, पाण्याचं कल्चर पाठवून, शिरेतून औषध देऊन नळी सतत उघडी ठेवली असती. तेव्हाही ती लगेच उपटली नसती, कारण पू निघायला तोच मार्ग असतो. हजाराहून थोड्या अधिक रुग्णांच्या एका मोठ्या पाहणीत शंभरातल्या साधारण पाच जणांना नळीमुळं छातीत जंतुसंसर्ग झाला आणि बहुतेकांचा नळी ठेवूनच आटोक्यात आला. पाल्बोसिक्लिबमुळं पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून सुनेला एकच गोष्ट परत परत बजावली: ताप आला तर रात्र काढायची नाही.

ऑगस्टमध्ये रस्ता बंद असताना फोन आला. "डॉक्टर, चार दिवस झाले, पाणी येईना." काही जण एवढं ऐकून खूश होतात, छाती चिकटली म्हणून. मी विचारलं, "धाप?" "वाढलीय." पाणी बंद आणि धापही नाही, तर छाती कोरडी झाली असेल. पाणी बंद आणि धाप चालू, म्हणजे नळी तुंबली आहे किंवा आत कप्पे पडले आहेत. रस्ता उघडल्यावर आल्या. सोनोग्राफीत एकाच मोठ्या पोकळीत पाणी दिसलं, कप्पे नव्हते. २० मिली सलाइन हळू दाबलं, किंचित अडलं आणि मग परत ओढताना पांढऱ्या शेवयांसारखा एक दोरा बाहेर आला. त्यानंतर ६०० मिली पाणी उतरलं. कप्पे असते तर नळीतून गुठळी विरघळवणारं औषध द्यावं लागलं असतं, आणि त्यात रक्तस्रावाचा धोका असतो.

ऑक्टोबरच्या भेटीत एका वेळी निघणारं पाणी चारशेच्या आसपास होतं आणि काढायची वेळ आठवड्यातून दोनदाच येत होती. एक्स-रेवर ती चंद्रकोर तशीच होती, फक्त हवेच्या जागी आता थोडं पाणी होतं. सून भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं घडी करून घेऊन आली होती. चौकटीत निळ्या शाईनं मिली लिहिलेले, लाल शाईनं दुखलं त्या दिवशी फुली. जूनच्या पानावर पाच फुल्या, सप्टेंबरच्या पानावर एक. दसऱ्याची चौकट रिकामी होती.

"त्या दिवशी पाणी काढलं नाही?"

"काढायचा दिवस होता," सून म्हणाली. "पण आई देवळात जाऊन आल्या, चढ चढून. म्हणाल्या, उद्या बघू."

पुढच्या चौकटीत ४२० लिहिलेलं होतं.